मजकुरातला शब्द खोडला की आवाजातलाही जातो, पण ‘बाहत्तर’चं ‘आहत्तर’ का झालं?

गोदाकाठ | रवि., सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. मी पैठणजवळच्या एका गावात मास्तर आहे. आमच्या चुलत आजोबांना सगळं गाव आबा म्हणतं. त्यांच्याकडून बाहत्तरच्या दुष्काळाच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात: विहिरी कशा आटल्या, खडी फोडायला कोण कोण जायचं, सुकडी कशी वाटायचे, तांबडी मिलो ज्वारी कशी गिळवत नव्हती. एकूण ४७ मिनिटं. शाळेत पोरांना ऐकवायला १२ मिनिटांच्या वर नको आहे.

भाच्यानं एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात आबांचं सगळं बोलणं मजकूर म्हणून येतं. त्यातला शब्द निवडून खोडला की आवाजातूनही तेवढाच शब्द जातो. मला तर आधी जादूच वाटली. वेव्हफॉर्म बघत बसायची गरजच नाही, वहीतलं वाक्य दुरुस्त करावं तसं.

पण १२ मिनिटं ३४ सेकंदांवर आबा म्हणतात, “मग त्या वर्षी म्हणजे… अं… बाहत्तर साली विहिरीला पाणीच नव्हतं.” मी ‘म्हणजे’ खोडला. आता ऐकू येतं, “मग त्या वर्षी आहत्तर साली.” ‘ब’ कुठं गेला? मी तर ‘बाहत्तर’ला हातही लावला नाही. दुसरं म्हणजे ‘अं’ मजकुरात कुठंच नव्हतं, तरी ते आपोआप गेलं. हे कसं?

---

लातूरचा_फोटोवाला | रवि., सकाळी १०:०५

सर, मी लग्नाचे व्हिडिओ करायलोय पंधरा वर्षं झाली. यात काही जादू नाही. सबटायटलची फाइल असते ना, प्रत्येक ओळीला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. अ‍ॅप त्या ओळीचा वेळ शब्दांत वाटून देतं आणि तेवढा तुकडा उडवतं. थोडं इकडंतिकडं होणारच. उपाय सोपा आहे, कापताना दोन्ही बाजूंनी २०० मिलिसेकंद सोडून द्या. ‘ब’ परत येईल.

---

तलाठी_आप्पा | रवि., सकाळी १०:४०

कोणतं अ‍ॅप आहे हे? मला पण बोलून टायपिंग करायचं आहे. पंचनाम्याचे अहवाल लिहून बोटं झिजली. मराठी नीट येतं का त्यात? जोडाक्षरं चुकतात का?

---

गोदाकाठ | रवि., सकाळी ११:०२

आप्पा, ते वेगळं. इथं टायपिंग करायचं नाही, आवाज कापायचा आहे. पण नाव व्यनि करतो.

फोटोवाले भाऊ, दोन्हीकडून २०० सोडून बघितलं. ‘ब’ आला खरा, पण आता “वर्षी म्हण्… बाहत्तर” असं काहीतरी ऐकू येतंय. अर्धा ‘म्हणजे’ शिल्लक राहिला.

---

ध्वनिरेषा | रवि., दुपारी २:३०

मास्तर, तुमचा प्रश्न फार नेमका आहे. मी मूळची नांदेडची, पुण्यात बोलीभाषांच्या रेकॉर्डिंगवर काम करते, रोज हेच करते. आधी तुमच्या अ‍ॅपमधून त्या ओळीची शब्दवार वेळांची यादी काढून इथे टाका. बहुतेक अ‍ॅपमध्ये एक्स्पोर्टमध्ये मिळते. ती पाहिल्याशिवाय अंदाजपंचे बोलण्यात अर्थ नाही.

---

गोदाकाठ | रवि., दुपारी ३:१५

ताई, ही घ्या. पहिला आकडा सुरुवात, दुसरा शेवट, सेकंदांत.

```
मग       754.02  754.30
त्या      754.30  754.52
वर्षी     754.52  755.04
म्हणजे    755.04  756.61
बाहत्तर   756.61  757.20
साली     757.20  757.58
```

---

ध्वनिरेषा | रवि., दुपारी ४:२०

छान, उत्तर यातच आहे. ‘म्हणजे’समोरचे आकडे बघा: १.५७ सेकंद! ‘वर्षी’ला अर्धा सेकंद, ‘मग’ला पाव सेकंद आणि ‘म्हणजे’ला दीड सेकंद? आबा कितीही सावकाश बोलत असले तरी इतका लांब ‘म्हणजे’ कोणी म्हणत नाही. त्या दीड सेकंदात ‘म्हणजे’ आहे, मग थांबणं आहे, मग ‘अं’ आहे, पुन्हा थांबणं आहे. मजकुरात ‘अं’ला जागा मिळाली नाही, म्हणून त्याचा वेळ शेजाऱ्याच्या खात्यावर चढला.

असं का होतं ते सांगते. अ‍ॅपच्या पोटात आवाज तसाच्या तसा असतो, त्याला कोणी हात लावत नाही. त्याच्या शेजारी ही यादी असते. तुम्ही शब्द खोडलात की यादीतल्या त्या ओळीवर फक्त ‘वगळ’ अशी खूण होते. वाजवताना प्लेअर ७५५.०४ ला पोचला की थेट ७५६.६१ वर उडी मारतो. म्हणून तर पूर्ववत करा म्हटलं की शब्द जसाच्या तसा परत येतो. खरं कापणं आणि जोडणं शेवटी एक्स्पोर्ट करताना होतं. म्हणजे तुम्ही शब्द खोडत नाही, दोन आकड्यांच्या मधला वेळ खोडता. आकडे चुकले तर तुमची कात्री चुकीच्या जागी पडते. अ‍ॅपला ‘ब’ माहीतच नाही.

आता हे आकडे येतात कुठून? पुष्कळ अ‍ॅपच्या मागे व्हिस्पर किंवा त्याच्यासारखं मॉडेल असतं. ते ३० सेकंदांचा तुकडा ऐकतं आणि मजकूर लिहितं. प्रत्येक शब्द लिहिताना त्याचं लक्ष आवाजाच्या कुठल्या भागावर जास्त होतं, त्यावरून शब्दाची वेळ मागाहून काढतात. ही वेळ ०.०२ सेकंदाच्या पायऱ्यांत मिळते, त्यामुळे आकडे फार काटेकोर दिसतात. पण पायरी बारीक आहे म्हणून पाय बरोबर पायरीवर पडला असं नाही. शिवाय ही मॉडेलं स्वच्छ, वाचण्याजोगा मजकूर लिहायला शिकलेली आहेत. त्यामुळे ‘अं’, ‘आं’, अडखळून दोनदा म्हटलेला शब्द, हे ती बहुतेकदा गाळून टाकतात. वाचणाऱ्याला ते सोयीचं. कापणाऱ्याला मात्र ती खोट आहे, कारण ज्याला मजकुरात शब्द नाही ते निवडता येत नाही.

फोटोवाले भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे, ते पुढच्या प्रतिसादात. पण ओळीचा वेळ शब्दांत सारखा वाटण्याबद्दल एक गंमत: ही ओळ ३.५६ सेकंदांची, शब्द सहा. सारखे वाटले तर ‘म्हणजे’च्या वाट्याला साधारण ७५५.८० ते ७५६.३९ येतं. म्हणजे ‘म्हणजे’ खोडल्यावर ‘म्हणजे’ शाबूत राहिला असता आणि त्याच्या पुढचा ‘अं’ गेला असता! सबटायटल वाचायला ओळीची वेळ पुरते. शब्द कापायला प्रत्येक शब्दाची स्वतःची वेळ लागते.

---

लातूरचा_फोटोवाला | रवि., सायं. ५:०१

बरं ताई, ते मान्य. पण ७५५.८० ला ‘अं’ आहे हे तुम्हाला न ऐकता कसं कळलं?

---

ध्वनिरेषा | रवि., सायं. ५:०९

न ऐकता नाही. मास्तरांनी तो चार सेकंदांचा तुकडा व्यनित पाठवला होता. :)

वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला. ‘म्हणजे’ ७५५.०४ ते ७५५.४६. मग शांतता. ‘अं’ ७५५.८० ते ७५६.२६. मग पुन्हा शांतता, आणि ७५६.५३ च्या आसपास ‘ब’ची सुरुवात.

यादी म्हणते ‘बाहत्तर’ ७५६.६१ ला सुरू होतो. खरा सुरू होतो सुमारे ०.०८ सेकंद आधी. ‘ब’ म्हणताना आधी ओठ मिटतात, आत बारीक घुमल्यासारखा आवाज होतो आणि मग ओठ उघडतात. यादीतली वेळ ओठ उघडण्यापाशी पडली. तुम्ही तिथपर्यंतचं सगळं उडवलंत, त्यात मिटलेले ओठही गेले. उरला ‘आ’. म्हणून आहत्तर. ‘प’, ‘ट’, ‘क’ने सुरू होणाऱ्या शब्दांत हा धोका आणखी, कारण त्यांचा मिटलेला भाग अगदीच शांत असतो आणि तो शब्दाचा की आधीच्या विरामाचा हे यंत्राला ठरवता येत नाही.

आता २०० मिलिसेकंदांचं. उजवीकडे ७५६.६१ मधून ०.२० गेले की ७५६.४१. ती जागा शांततेत पडते, म्हणून ‘ब’ परत आला. भाऊंचा उपाय तिथे बरोबर लागला. पण डावीकडे ‘वर्षी’ आणि ‘म्हणजे’ यांच्यात फटच नाही, आबांनी ते एका दमात म्हटलंय. तिथे २०० सोडले की ‘म्ह’ शिल्लक राहणारच. सगळीकडे एकच माप लावता येत नाही. ज्या बाजूला विराम आहे तिथे विरामात कापायचं, जिथे नाही तिथे शब्दाच्या सीमेवरच.

तेव्हा तुमच्यासाठी कट ७५५.०४ ते ७५६.४०. ‘वर्षी’नंतर साधारण ०.१३ सेकंदाची शांतता उरेल, मग ‘बाहत्तर’. अगदी नैसर्गिक लागतं. सांध्यावर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत जाताना दुसरा चढत येतो, नाहीतर ‘टक्’ असा आवाज येतो. तुमच्या रेकॉर्डिंगमागे कूलर चालू आहे, त्याची घरघर दोन्ही तुकड्यांत वेगळ्या टप्प्यावर असते.

---

स्प्लायसिंग_टेप | रवि., रात्री ८:४५

वाचून मजा वाटली. मी निवृत्त, वय ७८. रेडिओवर होतो. आम्ही हेच ब्लेडने करत होतो. टेप हाताने मागेपुढे फिरवत हेडवर शब्दाची सुरुवात ऐकायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण करायची, तिरपा काप घ्यायचा आणि मागून चिकटपट्टी लावायची. तिरपा का? म्हणजे सांधा एकदम न येता हळू येतो. तुमचा क्रॉसफेड तोच.

आमची टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर धावायची. या ताई म्हणतात ते ०.०८ सेकंद म्हणजे दीड सेंटिमीटर टेप. दीड सेंटिमीटर चुकला असता तर आमच्या साहेबांनी उभं केलं असतं!

एक विचारतो. श्वासाचं काय? आम्ही वाक्य काढलं तरी पुढच्या वाक्याचा श्वास ठेवायचो. श्वास गेला की माणूस बोलतोय असं वाटत नाही. तुमच्या यादीत श्वास कुठे असतो?

---

ध्वनिरेषा | रवि., रात्री ९:२०

काका, नमस्कार. तिरपा काप आणि क्रॉसफेड, अगदी तेच.

श्वास यादीत कुठेच नसतो, ‘अं’सारखाच. कधी तो दोन शब्दांमधल्या रिकाम्या वेळेत असतो, कधी आधीच्या शब्दाच्या शेपटीत. अख्खं वाक्य खोडलं की त्याच्या आधीचा श्वास राहतो आणि पुढच्या वाक्याचा श्वासही राहतो, मग लागोपाठ दोन श्वास ऐकू येतात. मी पहिला काढते, दुसरा ठेवते. हे मजकुरात बघून होत नाही, ऐकूनच करावं लागतं.

---

परभणीकर_मीना | सोम., सकाळी ८:३०

माझी अडचण जरा वेगळी आहे. महिला बचतगटाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग. एक ताई “एकोणीसशे बाहत्तर” म्हणाल्या, मजकुरात “1972” असं आलं. मी ते खोडलं. मजकुरातून गेलं, पण आवाजात आहे तसंच ऐकू येतंय! बाकीचे शब्द खोडले की जातात, आकडेच जात नाहीत. भुताटकी आहे का?

---

ध्वनिरेषा | सोम., सकाळी ९:५०

मीनाताई, तुमच्या अ‍ॅपमध्ये बहुधा दोन टप्पे आहेत. एक मॉडेल मजकूर लिहितं आणि दुसरं तो मजकूर आवाजावर अक्षर-अक्षर बसवून वेळा काढतं. व्हिस्परएक्स नावाचं साधन असंच चालतं. दुसऱ्या मॉडेलला फक्त अक्षरं ओळखता येतात, आकडे त्याच्या वर्णमालेतच नाहीत. “1972” कुठे बसवायचं ते त्याला कळत नाही, मग त्या शब्दाला वेळच मिळत नाही. वेळ नाही म्हटल्यावर तुम्ही खोडलंत तरी वगळायचं काय? म्हणून आवाज जागेवर.

आकडा अक्षरांत लिहा, “एकोणीसशे बाहत्तर”, आणि वेळा पुन्हा काढा. पण हे मजकूर दुरुस्तीच्या अवस्थेत करा. काही अ‍ॅपमध्ये साध्या अवस्थेत शब्द खोडून नवा लिहिला की ते त्याला कापणं समजतं आणि आवाजही उडवतं. दोन्ही कामं एकाच पानावर होतात, तिथे घोळ होतो.

---

गोदाकाठ | सोम., दुपारी १:१०

ताई, हीच युक्ती ‘अं’ला चालेल का? आबांचे ‘अं’ मी मोजले, पहिल्या दहा मिनिटांतच ४१ निघाले. मजकुरात एकही नाही. प्रत्येकासाठी वेव्हफॉर्म बघायचं तर मग या अ‍ॅपचा उपयोग काय?

---

ध्वनिरेषा | सोम., दुपारी २:२५

चालेल, आणि तोच खरा मार्ग आहे. एकदा पूर्ण ऐका आणि जिथे जिथे ‘अं’ ऐकू येतो तिथे मजकुरात ‘अं’ लिहा. अडखळून दोनदा आलेला शब्दही दोनदा लिहा. आबा ‘व्हतं’ म्हणाले असतील तर ‘होतं’ करू नका, जसं बोललंय तसं ठेवा. मग वेळा पुन्हा काढा. यादी अशी येईल:

```
वर्षी     754.52  755.04
म्हणजे    755.04  755.46
अं        755.80  756.26
बाहत्तर   756.54  757.20
```

बघा, ‘म्हणजे’चा फुगवटा उतरला. ‘अं’ला स्वतःची जागा मिळाली म्हणून ‘बाहत्तर’ही आपल्या जागी सरकला. तरी शतांश-दोन शतांश इकडेतिकडे राहतंच.

हे काम मी मेटाच्या एमएमएस अलायनरवर करते. त्याला देवनागरी थेट चालत नाही, मजकूर आधी रोमन अक्षरांत करून द्यावा लागतो. त्यात एक सोय चांगली आहे. जिथे काहीतरी बोललंय पण लिहिलेलं नाही तिथे तारा `*` टाकता येतो. मग ते न लिहिलेलं बोलणं तारा गिळतो, शेजारच्या शब्दावर चढत नाही. सगळे ‘अं’ लिहायचा कंटाळा आला तर निदान तारा टाका.

आणि ४७ मिनिटं डोळ्यांनी तपासायची नसतील तर यादीत फक्त फुगलेले शब्द शोधा. दोन-तीन अक्षरांचा शब्द सेकंदाच्या वर गेला की तिथे काहीतरी लपलंय असं समजायचं.

---

लातूरचा_फोटोवाला | सोम., दुपारी ३:००

अ‍ॅपमध्ये परत वेळा काढायची सोय नसली तर?

---

ध्वनिरेषा | सोम., दुपारी ३:३५

तर कापणं अ‍ॅपबाहेर करा. ऑडॅसिटी फुकट आहे. कापायच्या वेळांची साधी टेक्स्ट फाइल करा, मध्ये टॅब:

```
755.04	756.40	कट
```

ही लेबल म्हणून आत घ्या, सगळं निवडा आणि `Edit > Labeled Audio > Delete`. लेबल लावलेले सगळे तुकडे एकाच झटक्यात जातात. हाताने एकेक कापायचे असतील तर मात्र शेवटाकडून सुरुवातीकडे या. सुरुवातीकडून कापत गेलात तर पहिल्याच काटाकाटीनंतर त्याच्यानंतरचा सगळा आवाज अलीकडे सरकतो आणि यादीतले आकडे खोटे ठरतात. नवीन माणूस इथे हमखास अडकतो.

---

हभप_शिष्य | सोम., रात्री १०:१५

रामकृष्णहरी. आमच्याकडे सप्ताहातल्या कीर्तनांची रेकॉर्डिंगं आहेत. महाराज मध्येच “माईक बघा रे”, “मागचे बसून घ्या” म्हणतात, ते काढायचं आहे. मजकुरात खोडलं की शब्द जातात, पण टाळ-मृदंग चालू असल्यानं ठेका तुटतो. क्रॉसफेडनं पण लपत नाही. शिवाय टाळकरी सोबत म्हणत असले की मजकुरात काहीच्या काही येतं.

---

ध्वनिरेषा | सोम., रात्री १०:५०

महाराज, शब्दांच्या यादीला ठेक्याचं ज्ञान नाही. कट शब्दाच्या सीमेवर पडतो आणि ठेका मध्ये कुठेतरी असतो. कापलेला वेळ बरोबर एका किंवा दोन आवर्तनांइतका झाला तर सांधा लपतो, पण मग शब्दाच्या सीमेवर कापता येईलच असं नाही. आणि दोन-चार जण एकदम म्हणत असतील तर वेळा भरवशाच्या नसतातच.

---

स्प्लायसिंग_टेप | सोम., रात्री ११:०५

आम्ही समेवर कापायचो. समेपासून समेपर्यंत. शब्द मध्ये तुटत असेल तर कापायचोच नाही.

---

हभप_शिष्य | सोम., रात्री ११:२०

पण “माईक बघा रे” समेवर कुठं म्हणतेत काका :(

---

परभणीकर_मीना | मंगळ., सकाळी ७:४०

माझं जमलं. आकडे अक्षरांत केले, वेळा परत काढल्या, आता खोडलं की जातंय.

मास्तर, एक सुचवू का? ‘अं’ काढताय ते ठीक. पण मी बैठकीच्या रेकॉर्डिंगात एकदा ‘पण’ खोडला, वाक्य सुटसुटीत झालं म्हणून. त्या ताईंनी ऐकून विचारलं, “मी हो म्हणाले होते का?” त्यांचं म्हणणं होतं “मला मान्य आहे पण…” आणि पुढचं वाक्य मी वेगळं म्हणून आधीच काढलं होतं. मजकूर बघत कापलं की व्याकरण बरोबर दिसतं, माणसाचं म्हणणं फिरलेलं दिसत नाही.

---

लातूरचा_फोटोवाला | मंगळ., सकाळी ९:००

लग्नात तर ‘नको’ काढलं तरी चालतंय ;)

---

गोदाकाठ | बुध., रात्री ९:३०

ताई, झालं. दोन रात्री बसून ऐकू आले तेवढे ‘अं’ लिहिले, आणि माझ्या एका विद्यार्थ्याच्या भावाने एमएमएसवर वेळा काढून दिल्या. फुगलेले शब्द २३ सापडले. त्यातल्या १९ ठिकाणी ‘अं’ किंवा खोकला होता, दोन ठिकाणी शेजारच्या घरातून कोणीतरी हाक मारली होती. आता ‘बाहत्तर’ अगदी स्वच्छ ऐकू येतो.

राहिलेल्या दोन ठिकाणी काहीच नव्हतं, आबा नुसते गप्प आहेत. एका जागी मिलोबद्दल सांगताना थांबलेत, ३.९ सेकंद. अ‍ॅपमध्ये लांब विराम आपोआप छोटे करायचं बटण आहे, ते दाबलं की हा विराम अर्ध्या सेकंदाचा होतो. बटण बंद केलं. सध्या एकूण १२ मिनिटं ४० सेकंद झालंय. ते वरचे ४० सेकंद कुठून काढावेत ते बघतोय.

---

स्प्लायसिंग_टेप | बुध., रात्री ९:५५

शाळेची घंटा ४० सेकंद उशिरा द्या.